कॉल्पोस्कोपी: तपासणी आणि नंतरचे दिवस

पॅप स्मिअरमध्ये बदललेल्या पेशी आढळल्या, तर त्या गर्भाशयमुखावर नेमक्या कुठे आहेत हे कॉल्पोस्कोपीत शोधले जाते. दोषयुक्त स्मिअर म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे. स्त्री स्मिअरच्या वेळेसारखीच झोपते, योनीत स्पेक्युलम बसवतात. भिंगाचे यंत्र मात्र शरीराबाहेरच राहते. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्क्यांचे ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण, लावतात. थोडी चुरचुर होते आणि मिनिटभरात संशयित भाग पांढरा दिसू लागतो. पण साधी सूजही पांढरी दिसू शकते, म्हणून संशय वाटल्यास बायोप्सी करतात.

त्यासाठी बारीक चिमट्याने दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घेतात. काहींना फक्त चिमटा जाणवतो, काहींना पाळीसारखी कळ येते, तर काहींना ते बरेच दुखते. अशा वेळी थांबायला सांगण्याचा किंवा बधिरतेचे इंजेक्शन मागण्याचा हक्क स्त्रीला आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असेल, तर ते आधीच सांगावे.

रक्त थांबवायला अनेकदा मॉन्सेलचे लोहयुक्त औषध लावतात. त्यामुळे पुढचे काही दिवस कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट स्राव जातो. तो पाहून घाबरायला होते, पण तो औषधाचाच रंग असतो. हलका रक्तस्राव आठवडाभर चालू शकतो. तोवर पॅड वापरावे. टॅम्पॉन, योनीत पाणी मारणे आणि संभोग टाळावा. दुखल्यास पॅरासिटामॉल पुरते. तासाभरात पॅड भिजले, गाठी पडल्या, ताप आला, स्रावाला दुर्गंधी आली किंवा ओटीपोटातले दुखणे वाढत गेले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.