धूळ वेगळी, धूर वेगळा

दिवाळीच्या आगेमागे मुंबईतल्या वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत एक तक्रार हमखास दिसते. हवा बिघडली आहे, बांधकामांची धूळ उडते, कोपऱ्यावर कचरा जाळतात, पालिकेचं लक्ष नाही. यातला शब्दन्‌शब्द खरा असतो. लिहिणाऱ्याच्या घरात दम्याने बेजार झालेलं कोणीतरी असतं, खिडक्या लावून बसलेली वयस्कर माणसं असतात. तरीही पत्र छापून येतं आणि पुढे काही हलत नाही. धूळ आणि धूर यांची त्यात एकच तक्रार झालेली असते, हे त्याचं मोठं कारण. दोन्हींचं मूळ वेगळं, नियम वेगळे, पुरावाही वेगळा. पत्राचा उपयोग व्हायला हवा असेल तर आधी ही गाठ सोडवावी लागते.

बांधकामाची धूळ म्हणजे सिमेंट, खडी, माती, दगडाचा चुरा. ती बहुतांशी जाडसर असते. खिडकीच्या कठड्यावर बोटाला लागणारे कण मोठे असतात, ते लवकर खाली बसतात. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना ‘पीएम १०’ म्हणतात, बराच वेळ हवेत राहतात आणि श्वासावाटे आत जातात. धुरातले कण त्याहून कितीतरी बारीक असतात. ‘पीएम २.५’ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. ते फुप्फुसाच्या पार आतल्या भागापर्यंत पोचतात. कचऱ्यातलं ओलं पान, प्लॅस्टिक, थर्माकोल एकत्र धुमसतं तेव्हा ते पुरतं जळत नाही, आणि अर्धवट जळण्यातूनच असे कण व विषारी वायू सर्वांत जास्त निघतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर सरकत नाही, त्यामुळे हा धूर गल्लीतच रेंगाळतो.

पत्र लिहिताना हवेच्या निर्देशांकाचा, म्हणजे ‘एक्यूआय’चा, आकडा द्यावासा वाटतो. इथे जरा थांबायला हवं. कणांच्या बाबतीत हा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. समजा, एखाद्या ठिकाणी दिवसभर पीएम २.५ची पातळी घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम होती आणि पहाटे कचरा पेटल्यावर तासभर ती ३०० झाली. तेवीस तासांचे ५० आणि एका तासाचे ३०० यांची सरासरी येते साधारण ६०. देशाची चोवीस तासांची मर्यादाही ६०च आहे. म्हणजे त्या पहाटे ज्यांचा जीव गुदमरला, त्यांच्या वाट्याला कागदावर जेमतेम ‘समाधानकारक’ हवा येते. शिवाय मोजणी केंद्र अनेकदा दोन-तीन किलोमीटर लांब असतं. शहराची हवा कशी आहे हे निर्देशांक सांगतो, तुमच्या गल्लीत काय जळलं ते तो सांगू शकत नाही. अधिकाऱ्याने ‘त्या दिवशी निर्देशांक बरा होता’ असं उत्तर दिलं की सगळा जोर आकड्यावर ठेवणारं पत्र तिथेच अडतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवरचे पीएम १० आणि पीएम २.५चे वेगवेगळे आकडे मात्र जरूर पाहावेत. पीएम १० खूप वर आणि पीएम २.५ त्या मानाने खाली असेल तर धुळीचा संशय धरावा. पीएम २.५ त्याच्या जवळ जाऊ लागलं तर कुठेतरी काहीतरी जळतं आहे.

पत्राला बळ मिळतं ते नियम आणि डोळ्यांना दिसणारी वस्तुस्थिती शेजारी ठेवल्याने. मुंबई महापालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी बांधकामांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर काही दिवसांतच मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्या सूचनांनुसार एक एकरापेक्षा मोठ्या जागेभोवती किमान ३५ फूट उंचीचे पत्रे हवेत, लहान जागेभोवती २५ फूट. इमारत सर्व बाजूंनी हिरव्या कापडाने, तागाच्या कापडाने किंवा ताडपत्रीने झाकलेली हवी. फरशी-दगड कापणं, घासणं बंदिस्त जागेत आणि पाणी मारत व्हायला हवं. राडारोडा नेणारी गाडी झाकलेली हवी आणि बाहेर पडण्याआधी तिची चाकं धुतलेली हवीत.

यातला चाकं धुण्याचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो आणि तो पकडणं सर्वांत सोपं आहे. डंपरच्या चाकांना लागलेला चिखल फाटकाबाहेर रस्त्यावर उतरतो, उन्हात वाळतो, आणि मग दिवसभर येणारी-जाणारी प्रत्येक रिक्षा आणि बस तो पुन्हा पुन्हा उडवत राहते. काम संध्याकाळी थांबतं, धूळ थांबत नाही. रस्त्यावर टँकरने पाणी मारलं तरी ते तासा-दोन तासांत सुकतं आणि माती तिथेच राहते. म्हणून फाटकापासून निघालेल्या चाकांच्या मातकट पट्ट्यांचा एक फोटो, तारीख-वेळेसह, उडणाऱ्या धुळीच्या दहा फोटोंपेक्षा अधिक बोलका ठरतो. धूळ कुठून आली यावर वाद घालता येतो, त्या पट्ट्यांवर येत नाही.

धुराचा पुरावा गोळा करणं अवघड. आग अर्ध्या-पाऊण तासात विझते, तोवर कोणी तपासायला येत नाही. इथे वेळ आणि जागा यांची नोंद कामी येते, कारण जाळणं बहुधा ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी होतं: झाडलोट झाल्यावर गोळा केलेला पालापाचोळा, बांधकामावरच्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, रात्री पहारेकऱ्याची शेकोटी, तांब्यासाठी जाळलेल्या तारा. काळी राख आणि जळालेल्या तारांचे अवशेष दुसऱ्या दिवशीही तिथेच सापडतात. रस्त्यावर वा मोकळ्या जागेत कचरा जाळायला २०१६च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. मात्र शेकोटी करणाऱ्या पहारेकऱ्याकडे थंडीवर दुसरा उपाय नसतो. म्हणून पत्रात बोट त्याच्याकडे न दाखवता त्याला कामावर ठेवणाऱ्याकडे दाखवावं. त्याला गरम कपडे आणि आडोसा देणं मालकाचं काम आहे.

आता उपनगरातली एखादी गल्ली धरून पत्र कसं होईल ते पाहू.

‘महोदय, आमच्या रस्त्यावर पुनर्विकासाच्या एका इमारतीचं काम सुरू आहे. रस्त्याकडच्या बाजूला हिरवं कापड नाही आणि डंपर चाकं न धुता बाहेर पडतात. सोमवार ते शनिवार घेतलेल्या फोटोंत फाटकापासून चौकापर्यंत मातीचे पट्टे दिसतात. पालिकेच्या २०२३च्या सूचनांनुसार हे दोन्ही बंधनकारक आहे. याच रस्त्याच्या टोकाला मैदानालगत पहाटे साडेपाचच्या सुमारास पालापाचोळा आणि प्लॅस्टिक जाळलं जातं. १९१६ क्रमांकावर आम्ही दोन स्वतंत्र तक्रारी नोंदवल्या आहेत, त्यांचे क्रमांक सोबत देत आहोत. चाकं धुण्याची सोय होईपर्यंत डंपर थांबवावेत, आणि पालापाचोळा उचलण्याची गाडी मैदानाशी कोणत्या वेळी येते ते विभाग कार्यालयाने जाहीर करावं, एवढी आमची विनंती आहे.’

यात बिल्डरचं नाव नाही. ‘पैसे खाल्ले’ असा सिद्ध न होणारा आरोपही नाही. त्यामुळे संपादकाला कायदेशीर अडचण वाटत नाही आणि पत्र काटछाट न होता छापलं जाण्याची शक्यता वाढते. मागण्या दोनच आहेत आणि दोन्ही आठवडाभरात पूर्ण होण्यासारख्या आहेत. पत्र दीडशे-दोनशे शब्दांच्या आत ठेवावं, खाली खरं नाव, पत्ता आणि फोन द्यावा. नाव छापायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहावं. फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवलेले नकोत, मूळ फाइल जपून ठेवावी, कारण फिरवताना फोटोत नोंदलेली वेळ आणि जागा बहुधा पुसली जाते.

पत्र छापून आल्यावर त्याचं कात्रण तक्रार क्रमांकांसह विभागाच्या सहायक आयुक्तांना द्यावं आणि पोच घ्यावी. मग त्याच फाटकाचा, त्याच कोनातून, आठवड्याने पुन्हा फोटो काढावा. पट्टे गेले असतील तर तसं लिहिणारं दुसरं पत्रही त्याच वर्तमानपत्राला पाठवावं. तसेच असतील तर दोन्ही फोटो आणि पोच जोडून तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे न्यावी.