शॉवरची काच आणि पाण्याची परतीची वाट

न्हाणीघरात शॉवरपाशी काच बसवली, की बाहेरची फरशी कोरडी राहील अशी अपेक्षा असते. काही महिन्यांनी काचेच्या खालच्या कोपऱ्यात ओल दिसू लागते, सिलिकॉनची पांढरी रेघ काळी पडते, आणि घरातले कोणीतरी नवी ट्यूब आणून आतून-बाहेरून आणखी एक थर लावते. गळती थांबत नाही, उलट कोपऱ्याला वास यायला लागतो. आतल्या बाजूने लावलेले सिलिकॉनच अनेकदा या त्रासाचे मूळ असते. कसे ते कळायला काच मुळात कशी उभी राहते, ते आधी पाहावे लागेल.

पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमधली सात फूट बाय साडेचार फुटांची न्हाणी घेऊ. टोकाची तीन फूट जागा शॉवरसाठी राखली आहे. तिच्या तोंडाशी, बाजूच्या भिंतीपासून निघणारी ८०० मिलिमीटर रुंद आणि २००० मिलिमीटर उंच काच उभी करायची आहे. पलीकडची पावणेदोन फुटांहून थोडी जास्त जागा आत जायला मोकळी राहील, दरवाजा नाही. काच आठ मिलिमीटर जाडीची, टफन्ड. या जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला साधारण वीस किलो भरते. म्हणजे ही काच बत्तीस किलोंची झाली, ती उचलायला दोन माणसे हवीतच. टफन्ड काच भट्टीतून बाहेर आली, की तिला कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही, म्हणून मापे आधीच पक्की करावी लागतात. तिच्या कडा सर्वांत नाजूक. काच जमिनीवर टेकवताना खाली लाकडाच्या पट्ट्या किंवा जाड पुठ्ठा ठेवावा. नुसत्या टाइलवर कोपरा आपटला, तर पूर्ण काचेचा क्षणात चुरा होऊ शकतो. काच विकत घेताना तिच्या कोपऱ्यात आयएस २५५३ या मानकाची खूण कोरलेली आहे का, तेही पाहून घ्यावे.

माप घेताना पहिली अडचण भिंतीची. टाइल लावलेली भिंत दिसायला सरळ असली, तरी ओळंबा सोडला की खरे कळते. आपल्या उदाहरणात भिंत वर जाता जाता सात मिलिमीटर मागे झुकली आहे. काच मात्र ओळंब्यातच उभी राहायला हवी. हा फरक पोटात घेण्याचे काम भिंतीवरचे चॅनेल करते. चॅनेल म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची अॅल्युमिनियमची खाच. तिची खोली पंचवीस मिलिमीटर असेल, तर काच खालच्या टोकाला वीस मिलिमीटर आत बसते आणि वरच्या टोकाला तेरा. बाहेरून चॅनेलची कड भिंतीला समांतर दिसते, आत काच सरळ उभी असते, आणि भिंतीचा दोष कोणाच्या लक्षात येत नाही. भिंत वीस-पंचवीस मिलिमीटर झुकली असेल, तर मात्र हा उपाय पुरत नाही. अशा वेळी टाइलच नीट करून घ्यावी किंवा काच तिरक्या मापात कापून मागवावी.

दुसरी अडचण खालची. न्हाणीच्या फरशीला ट्रॅपकडे उतार असतो, आणि तो असायलाच हवा. पण उतारावर सरळ काच ठेवली, तर एका टोकाला फट बारीक आणि दुसऱ्या टोकाला बोटभर होते. म्हणून काचेखाली ग्रॅनाइटची पट्टी बसवतात. ही पट्टी लांबीत अगदी सपाट हवी, पण रुंदीत तिचा उतार किंचित शॉवरच्या बाजूला हवा. हा छोटा उतार मिस्त्री बरेचदा विसरतात. पट्टी बाहेरच्या बाजूला कलली असेल, तर वर कितीही सिलिकॉन भरा, पाणी बाहेरच येणार. पट्टीवर चमचाभर पाणी ओतून ते कोणत्या बाजूला जाते, ते काच मागवण्याआधीच पाहावे.

चॅनेल लावताना भिंतीवर ओळंब्याने उभी रेघ मारतात, चॅनेल तिच्यावर धरून भोकांच्या खुणा करतात. त्याआधी भिंतीतल्या नळांचा विचार करायचा. डायव्हर्टरपासून वरच्या शॉवरपर्यंत जाणारा पाइप सहसा सरळ उभा गेलेला असतो, गिझरचे नळ आणि वायर भिंतीतूनच जातात. टाइल लावण्यापूर्वी काढलेले फोटो हाताशी असतील, तर इथे त्यांचे सोने होते. टाइलला भोक पाडताना खुणेवर मास्किंग टेप चिकटवावी म्हणजे बिट घसरत नाही. टाइलमधून पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा, मगच तो चालू करावा. व्हिट्रिफाइड टाइल फार कडक असते, तिला डायमंड बिट लागते आणि बिटवर पाणी शिंपडत सावकाश जावे लागते. भोकात रावळ प्लग घालण्यापूर्वी थोडे सिलिकॉन भरायचे, नाहीतर पाणी स्क्रूच्या वाटेने टाइलच्या मागे उतरते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत. मुंबईत आणि कोकणात खाऱ्या हवेने साधे स्क्रू लवकर गंजतात.

चॅनेलच्या पाठीवरही, बाहेरच्या कडेजवळ, सिलिकॉनची सलग रेघ ओढून मग ते भिंतीवर घट्ट करतात. इथे एक बारीक जागा निसटते. चॅनेल खालपासून वरपर्यंत जाताना टाइलचे आडवे सांधे ओलांडते. या सांध्यांतले ग्राउट टाइलच्या पातळीपेक्षा खोल असते, म्हणून चॅनेलच्या मागे छोटे आडवे बोगदे तयार होतात आणि पाणी त्यांतून बाहेर सरकते. जिथे जिथे सांधा येतो तिथे सिलिकॉन दाबून तो भरून घ्यावा. चॅनेलच्या तळाशी, भिंत आणि ग्रॅनाइट जिथे मिळतात त्या कोपऱ्यातही, काच घालण्याआधी सिलिकॉनचा एक गोळा बसवावा. तोही बाहेरच्याच बाजूला, आतला अर्धा भाग मोकळा ठेवून. काच एकदा आत गेली, की तिथे हात पोहोचत नाही, आणि जास्तीत जास्त गळती याच कोपऱ्यातून होते.

आता काच. ग्रॅनाइटवर तीन मिलिमीटर जाडीचे पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे ठेवून काच त्यांवर टेकवतात आणि चॅनेलमध्ये सरकवतात. काचेला ग्रॅनाइटचा किंवा धातूचा थेट स्पर्श कुठेही होता कामा नये. लेव्हल लावून काच सरळ केली, की चॅनेलमध्ये रबराची गॅस्केट दाबून बसवतात.

या अवस्थेत काचेचे मोकळे वरचे टोक बोटाने ढकलून पाहिले, तर ते हलते. एका उभ्या कडेवर आणि तळावर टेकलेली दोन मीटर उंचीची काच म्हणजे लांब तरफ आहे. आंघोळीत कोणी तिचा आधार घेतला, की वरची छोटी हालचाल खाली चॅनेलला आणि सिलिकॉनला ताणते. सिलिकॉन लवचिक असले, तरी रोजच्या या हिसक्यांनी काचेपासून सुटते. त्यासाठी वर सपोर्ट रॉड लागतो. तो काचेच्या वरच्या कडेवर, मोकळ्या टोकाजवळ क्लॅम्पने धरतात आणि दुसरे टोक भिंतीत बसवतात. काचेला काटकोनात समोरच्या भिंतीकडे गेलेला रॉड उत्तम काम करतो. आपल्या न्हाणीत समोरची भिंत तीन फुटांवर आहे, म्हणून सरळ रॉड पुरेसा आहे. समोर भिंत लांब असेल, तर रॉड तिरका घेऊन काच ज्या भिंतीला लागली आहे तिलाच जोडतात. काचेवर भिंतीपासून सहाशे मिलिमीटरवर क्लॅम्प असेल आणि कोन पंचेचाळीस अंशांचा असेल, तर रॉड साधारण साडेआठशे मिलिमीटर लागतो.

रॉड कापण्याचे माप काच ओळंब्यात आल्यावरच घ्यायचे. लांब रॉड दाबून बसवला, तर तो काचेला सतत बाहेर ढकलत राहतो, तोकडा असेल तर ओढत राहतो, आणि दोन्ही वेळा खालचा सांधा ताणात राहतो. क्लॅम्पच्या आत रबर आहे ना, तेही पाहावे, आणि स्क्रू बेताने आवळावा. रॉड बसल्यावर काच पुन्हा ढकलून पाहावी, ती आता हलता कामा नये. सिलिकॉन लावायचे ते यानंतरच. घाईत हा क्रम उलटला, तर रॉड बसवतानाच काच हलते आणि ताजा सांधा आतून फाटतो, वरून मात्र ठीक दिसतो.

आता सिलिकॉनची गोष्ट. चॅनेल आणि काच यांच्यामध्ये आतल्या बाजूने थोडे पाणी शिरणारच, गॅस्केट ते पूर्ण अडवू शकत नाही. हे पाणी चॅनेलमधून खाली उतरते आणि तळाशी आतल्या बाजूने पुन्हा शॉवरमध्ये येते. ही त्याची परतीची वाट आहे. आतून सिलिकॉन भरले, की ती बंद होते. पाणी चॅनेलमध्ये साचते, बुरशी धरते, आणि बाहेरच्या रेघेतली एखादी बारीक भेग शोधून बाहेर पडते. म्हणून सांधे बाहेरच्या बाजूने बंद करायचे: चॅनेल आणि भिंत, चॅनेल आणि काच, काच आणि ग्रॅनाइट. आतली बाजू मोकळी ठेवायची. काच बनवणारे अनेक उत्पादक सोबतच्या पत्रकात हेच सांगतात, पण ते पत्रक खोक्याबरोबर टाकून दिले जाते.

सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचे आणि बुरशीरोधक घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे अॅसेटिक सिलिकॉन संगमरवरासारख्या दगडावर डाग पाडू शकते आणि काही धातूंनाही बाधते. व्हाइट सिमेंट इथे वापरू नये. ते कडक असते, काचेच्या हालचालीने चटकन तडकते. सांधा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा करायचा. दोन्ही बाजूंना टेप लावून गन न थांबवता एका दमात रेघ ओढायची, बोटाने किंवा पट्टीने दाबून घ्यायची, आणि वर साय धरण्याच्या आत टेप काढायची. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने वाळते, दिवसाला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर आत जाते. पावसाळी हवा त्यामुळे त्याला मानवते, पण ओली टाइल मानवत नाही. सहा मिलिमीटर जाडीची रेघ दोन-तीन दिवस तरी तशीच राहू द्यावी, तोवर आंघोळ दुसऱ्या न्हाणीत करावी.

नंतर चाचणी. बाहेरच्या फरशीवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या काचेला लागून अंथराव्यात, ओलाव्याचा डाग त्यांवर लगेच दिसतो. हँड शॉवरने आधी फक्त खालच्या सांध्यावर पाच मिनिटे पाणी मारायचे, मग कोपऱ्यावर, मग चॅनेलच्या बाजूने हळूहळू वर जायचे. असे खालून वर गेल्याने पाणी नेमके कुठून येते ते कळते. एकदम सगळीकडे मारले, तर वरचे पाणी ओघळून खालीच दिसते आणि दोष चुकीच्या सांध्याला लागतो. कागद मोकळ्या टोकाजवळच भिजला असेल, तर ती गळती नसते, उडालेले किंवा पट्टीवरून वाहत आलेले पाणी असते. त्यावर शॉवरचे तोंड आतल्या भिंतीकडे वळवणे हाच उपाय.

एखादा सांधा गळतोच असे ठरले, तर जुन्या सिलिकॉनवर नवा थर देऊ नये, कारण नवे सिलिकॉन जुन्याला धरत नाही. त्या सांध्यातले सगळे सिलिकॉन पात्याने खरवडून काढावे, आतली बाजू एक-दोन दिवस उघडी ठेवून वाळू द्यावी, आणि बाहेरून नव्याने रेघ ओढावी.