दहानंतरची मोरजी

यंदा सिझन सुरू झाला तसा किनाऱ्यावरच्या संगीताचा ठेका पुन्हा मध्यरात्र ओलांडू लागला आणि दोन आठवड्यांत आईच्या कंबरदुखीने डोकं वर काढलं.

पर्यटक येण्याआधीची आमची मोरजी थोडक्यात सांगून होते: भात, मासळी, लवकर निजानीज. पण 2005 ते 2015 हे दशक माझ्या मनातून जात नाही. रशियन पर्यटक आले, शॅक वाढले. उघड्यावरच्या लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा मनाई करणारा नियम 2000 सालचा. पण तक्रार केली की आवाज तासभर उतरायचा आणि परत चढायचा. आई सारखी दचकून उठायची. डॉक्टर एक्सरेवर बोट ठेवून म्हणायचे, ‘गुडघे झिजलेत, वय झालं.’ त्या उत्तराचा मला अजून राग आहे. झीज काही मे महिन्यात भरून येत नव्हती. तरी किनारा गप्प झाला की तिचं दुखणं उतरायचं. पावसात गुडघे धरतात म्हणतात, आमच्याकडे उलटं होतं.

कारण झोपेत होतं. मेंदू खालून येणाऱ्या वेदना दाबून धरतो. तुटक झोपेने ती पकड सुटते. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2007 मध्ये हेच दाखवलं: तितकीच झोप सलग मिळालेल्या स्त्रियांपेक्षा पुन्हा पुन्हा उठवलेल्यांची वेदना दाबण्याची ताकद घटली.

त्यात आईने भर घातली होती ती दमून आठलाच आडवं होण्याची. दहा तास अंथरुणात, झोप जेमतेम सहा तास. उरलेला वेळ कूस बदलत गुडघ्याकडे लक्ष. म्हापशाच्या एका फिजिओथेरपिस्टने हा फेरा तोडला. उठणं रोज साडेपाचला, रात्र कशीही गेली तरी. अंथरुणात जाणं साडेअकराला, त्याआधी नाही. दुपारची डुलकी आणि चारनंतरचा चहा बंद. निजण्याआधी पंधरा मिनिटं कंबरेला शेक, मग कुशीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, म्हणजे वरचा पाय पुढे पडून कंबर पिळत नाही. झोप लागेना तर उठून माजघरात खुर्चीवर बसायचं, डोळे जड झाले की परत. अंथरुणातला बहुतेक वेळ झोपेत जाऊ लागला की निजायची वेळ दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे.

पहिले दोन आठवडे ती दिवसा पेंगायची. तेव्हा तिला एकटीने विहिरीवर जाऊ दिलं नाही. फिट येणाऱ्याने किंवा घोरताना श्वास अडकणाऱ्याने हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप येऊन गुडघा सुजणं, यात झोपेचा उपाय शोधत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. झोप आधी सुधारली, दुखणं नंतर कमी झालं. जिना चढताना गुडघा अजून दुखतोच.

आता आवाज दोनपर्यंत चालला तरी आई साडेपाचलाच उठते आणि दुपारी आडवी होत नाही. पंचायतीकडे मी पुन्हा अर्ज दिला आहे, वेळेच्या नोंदींसकट.