एक सामना चुकला तर पैसे परत: या सवलतीची किंमत कशी काढतात

ब्रिटनमध्ये शनिवारच्या फुटबॉल सामन्यांवर पैसे लावणाऱ्यांची एक आवडती पैज म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर, बोलीभाषेत ‘अ‍ॅका’. चार-पाच संघ एकाच चिठ्ठीवर निवडायचे. सगळे जिंकले तर त्यांच्या भावांचा गुणाकार हातात पडतो. एकही संघ हरला, किंवा सामना नुसता बरोबरीत सुटला, तरी चिठ्ठी रद्दीत जाते. याच जखमेवर फुंकर घालणारी सवलत म्हणजे ‘अ‍ॅका इन्शुरन्स’: पाचांपैकी नेमकी एक निवड चुकली तर लावलेली रक्कम परत. नाव विम्याचे असले तरी हप्ता कुठे दिसत नाही. तो भावात दडलेला असतो.

हिशेबासाठी सोपे उदाहरण घ्यावे. पाच निवडी, प्रत्येकीची जिंकण्याची खरी शक्यता निम्मी. म्हणजे रास्त भाव २.०० हवा, बुकी देतो १.९०. पाच निवडींचे एकूण ३२ प्रकारचे निकाल संभवतात आणि इथे ते सारे सारख्याच शक्यतेचे आहेत. त्यांत पाचही बरोबर येण्याचा प्रकार एकच, नेमकी एक चुकण्याचे पाच, उरलेले २६ पूर्ण तोट्याचे.

आता दहा पौंडांची एक, अशा ३२ चिठ्ठ्या लावल्या असे समजू. खर्च ३२० पौंड. १.९० पाच वेळा गुणले की सुमारे २४.७६ होतात, म्हणून जिंकणारी एक चिठ्ठी २४७.६० पौंड देते. तोटा ७२.४०. एका निवडीवर बुकीचा वाटा शेकडा पाचच होता, पण गुणाकारात तो पाच वेळा कापला गेला आणि एकूण रकमेच्या २२ टक्क्यांवर पोहोचला. पाच चिठ्ठ्यांचे पैसे रोख परत मिळाले तरी ५० पौंडच भरून येतात.

शिवाय परतावा बहुतेक वेळा रोख नसतो, ‘फ्री बेट’ असते. ती जिंकली तर फक्त नफा मिळतो, फ्री बेटची मूळ रक्कम मिळत नाही. म्हणून दहा पौंडांची फ्री बेट दहा पौंडांची नव्हे. रास्त भाव ५.५० असलेल्या निवडीवर बुकी ५.०० देत असेल, तर ४० पौंड नफ्याची शक्यता साधारण १८ टक्के. किंमत झाली सात पौंडांच्या आसपास. तीच फ्री बेट २.०० च्या भावाला वापरली तर पाच पौंडही पदरात पडत नाहीत. सात धरले तरी वरच्या उदाहरणात ३५ पौंड परत येतात आणि ३२ चिठ्ठ्यांमागे ३७.४० पौंडांचा खड्डा राहतो.

निवडी सारख्या शक्यतेच्या नसतील तेव्हाही ‘नेमकी एक चुकण्याची’ शक्यता काढणे अवघड नाही. प्रत्येक रास्त भावातून एक वजा करावा, बाकींची बेरीज करावी आणि तिला सगळ्या निवडी जिंकण्याच्या शक्यतेने गुणावे. वरच्या उदाहरणात बेरीज पाच, शक्यता १/३२, उत्तर ५/३२. रास्त भाव मात्र सवलत देणाऱ्या बुकीकडून घ्यायचा नाही. ग्राहक आपसात पैजा लावतात त्या बेटिंग एक्स्चेंजवरचा भाव बराच जवळचा असतो.

खरी गंमत लहान भावांत आहे. पाच संघ, रास्त भाव १.२५, बुकीचा १.२०. प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता ८० टक्के. शंभर चिठ्ठ्यांपैकी सुमारे ३३ पूर्ण जिंकतात आणि ४१ नेमक्या एका निवडीने हुकतात. पाच निवडींसाठी हे ४१ म्हणजे कमाल. खर्च हजार पौंड, जिंकण्यातून सुमारे ८१५, फ्री बेटमधून सुमारे २८७. शंभरेक पौंडांचा फायदा.

बुकींना हे गणित ठाऊक असते. म्हणूनच अटींमध्ये प्रत्येक निवडीचा किंवा पूर्ण चिठ्ठीचा किमान भाव ठरवलेला आढळतो. वरच्या चिठ्ठीचा एकूण भाव जेमतेम २.४९ आहे, किमान ४.०० ची अट असेल तर ती बाद. परताव्याला कमाल मर्यादा असते, फ्री बेटला मुदत असते, आणि सामना पुढे ढकलला तर पाच निवडींची चिठ्ठी चारांची होऊन सवलतच हातची जाऊ शकते.

अटींतून सुटलेला फायदाही नाजूक असतो. त्याच पाच संघांचा रास्त भाव १.२५ ऐवजी १.२८ निघाला, तर शंभर पौंडांच्या जागी जेमतेम नऊ उरतात.