चौकावर पत्रा घालण्यापूर्वी

पावसाळा जवळ आला की जुन्या वाड्यांतून एक विषय हमखास निघतो. चौकात पाणी येतं, कबुतरं येतात, तेव्हा वरून प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा टाकून द्यावा! पण मैत्रिणींनो, चौक म्हणजे आपल्या घराचं धुराडंच आहे, आणि धुराड्याला झाकण घालून कसं चालेल?

वाड्याच्या बाहेरच्या भिंती जाड आणि खिडक्या अरुंद. तरी माजघरात कोंदट वाटत नाही, कारण गरम हवा हलकी होऊन चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी दिंडीदरवाजातून, खालच्या खिडक्यांतून गार हवा आत ओढली जाते. खालच्या आणि वरच्या वाटेत अंतर जितकं जास्त, तितकी ही ओढ जोरदार. मात्र आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असेल तरच हे घडतं. म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी खालच्या खिडक्या लावून घ्याव्यात आणि दिवेलागणीनंतर, बाहेर गार झालं की, रात्रभर उघड्या ठेवाव्यात.

चौक गच्च बंद केला, की ही गरम हवा पत्र्याखाली साठते आणि माडीवरच्या खोल्यांत शिरते. खालच्या बिऱ्हाडाला फारसं जाणवत नाही; वरचं बिऱ्हाड मात्र उकडून निघतं.

पत्रा घालायचाच असेल तर तो उंच उचलून घाला. समजा, चौक दहा फूट लांब, दहा फूट रुंद आहे. खाली तीन बाय सहाचा दरवाजा आणि दोन बाय तीनच्या दोन खिडक्या, म्हणजे हवा यायला तीस चौरस फूट वाट. वर निदान तेवढीच हवी. चौकाचा घेर चाळीस फूट. तेव्हा चारी बाजूंनी नऊ इंच फट ठेवली की हिशेब जमतो. कबुतरांसाठी जाळी लावणार असाल तर फट फूट-दीड फूट ठेवा, कारण जाळी वाट अडवते. तिरपा पाऊस आत येऊ नये म्हणून पत्रा चहूकडून दोन फूट बाहेर काढा.

आता उजेडाचं. ओसरीवर जिथे निवडायला बसता तिथून आभाळ दिसतं का पाहा. दिसत नसेल तर तिथे येणारा उजेड सगळा चौकाच्या भिंतींवरून परतून आलेला असतो. म्हणून त्या भिंतींना पांढरा चुनाच द्या. गडद रंग उजेड गिळतो. पत्र्यावर धूळ आणि शेवाळ साचलं की उजेड आणखी घटतो, तेव्हा तो धुण्यासाठी वर जायची सोय आधीच ठेवा.

पत्रा बसल्यावर रात्री दिंडीपाशी उदबत्ती धरा. धूर आत वळून चौकाकडे गेला तर काम बरोबर झालं. जागच्या जागी घुटमळला, तर फट वाढवायला सांगा.