मंजुरीपत्रातल्या न लिहिलेल्या तारखा

कर्ज मंजूर झालं की मंजुरीपत्राची प्रत फाइलला लागते आणि हप्त्याची रक्कम तेवढी अकाउंट्सच्या कॅलेंडरमध्ये जाते. उरलेली आठ-दहा पानं उघडतात ती थेट पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी. मध्यम आकाराच्या कारखान्यांत हे सर्रास दिसतं, आणि त्यामागे आळसापेक्षा काही पक्के गैरसमज जास्त असतात.

उदाहरणादाखल शिरोली एमआयडीसीतली, यंत्रांचे सुटे भाग करणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी धरू. कंपनी काल्पनिक आहे, अटी मात्र नेहमी दिसणाऱ्या. १२ जून २०२४ च्या पत्राने तिला ६ कोटींचं मुदत कर्ज आणि ४ कोटींची कॅश क्रेडिट मर्यादा मिळाली. कर्जाच्या कागदपत्रांवर सह्या २६ जुलैला झाल्या. मुदत कर्जाची पहिली उचल ९ ऑगस्टला झाली. या तीन तारखा पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहेत.

“परतफेडीचं वेळापत्रक पत्रात दिलेलंच आहे”

पत्रात असतं ते असं: १२ महिने मोराटोरियम, त्यानंतर प्रत्येकी १० लाखांचे ६० मासिक हप्ते. यात एकही तारीख नाही. तारीख कशी काढायची याचा नियम आहे, आणि तोही अर्धाच. बारा महिने मंजुरीपासून मोजले तर मोराटोरियम जून २०२५ मध्ये संपतो, पहिल्या उचलीपासून मोजले तर ऑगस्टमध्ये. तो ऑगस्टमध्ये संपल्यावर पहिला हप्ता त्याच महिन्याच्या शेवटी की सप्टेंबरअखेर, हेही पत्र सांगत नाही. म्हणून कॅलेंडरच्या प्रत्येक नोंदीत देय तारखेशेजारी ‘कुठून मोजली’ असा एक रकाना हवा आणि त्याच्या बाजूला पत्रातला अट क्रमांक. जिथे मोजणीचा आरंभ स्पष्ट नाही, तिथे अंदाज बांधण्याऐवजी शाखेला लेखी विचारावं.

असं विचारणं म्हणजे बँकेकडे मेहरबानी मागणं नाही. हप्त्यांच्या नेमक्या देय तारखा, मुद्दल आणि व्याजाची विभागणी, आणि मोराटोरियम असेल तर परतफेड सुरू होण्याची तारीख कर्ज करारात स्पष्ट लिहावी, असं रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलं आहे. आपल्या कंपनीला उत्तर मिळालं: पहिला हप्ता ३० सप्टेंबर २०२५, शेवटचा ऑगस्ट २०३० मध्ये. सवलत फक्त मुद्दलाला होती. व्याज पहिल्या उचलीपासून दर महिन्याला भरायचं होतं. मोराटोरियमचा अर्थ ‘वर्षभर काही भरायचं नाही’ असा घेतलेल्यांचं खातं पहिल्याच महिन्यात थकतं. थकबाकीची मोजणीही दिवसावर चालते. देय दिवसाच्या अखेरीस रक्कम जमा नसेल, तर त्याच रात्री खातं एसएमए-० वर्गात जातं.

आणखी एक बारीक गोष्ट. सहा कोटींपैकी पाच कोटी साठ लाखच उचलले, तर हप्ता कमी होणार की शेवटचे चार हप्ते गळणार? हे बँकेकडून लिहून घेतलेलं बरं.

“हप्ते वेळेवर जातात, म्हणजे खातं स्वच्छ आहे”

हा सगळ्यांत महाग पडणारा समज. कंपनीला दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत स्टॉक स्टेटमेंट द्यायचं आहे, आणि त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे डीपी, ठरते. मर्यादा ४ कोटींची असली तरी उचलता येतात डीपीइतकेच पैसे. एका महिन्याचा हिशेब करू. माल ३ कोटी २० लाखांचा, त्यातला ८० लाखांचा उधारीवर आणलेला. उरले २ कोटी ४० लाख. पंचवीस टक्के मार्जिन वजा जाता १ कोटी ८० लाख. ग्राहकांकडून येणी ३ कोटी, पण ९० दिवसांपेक्षा जुनी ४० लाखांची येणी बँक धरत नाही. उरलेल्या २ कोटी ६० लाखांवर तेवढंच मार्जिन धरलं तर १ कोटी ९५ लाख. दोन्ही मिळून डीपी ३ कोटी ७५ लाख. खात्यात ३ कोटी ९० लाख वापरलेले असतील, तर मर्यादेच्या आत असूनही कंपनी १५ लाखांनी जादा उचल करून बसली आहे.

स्टेटमेंट वेळेवर गेलंच नाही, तर प्रकरण वाढतं. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर काढलेल्या डीपीच्या आधारे केलेली उचल अनियमित मानली जाते, आणि ही अनियमितता सलग ९० दिवस चालली तर खातं एनपीए होतं. एनपीएचा शिक्का कर्जदारावर बसतो, एकेका खात्यावर नाही. म्हणजे स्टोअरमधून माल मोजून आला नाही म्हणून कॅश क्रेडिट घसरलं, तर ज्याचा एक हप्ताही चुकला नाही ते मुदत कर्जही त्याच्याबरोबर एनपीए.

म्हणून १० तारखेची नोंद १० तारखेला ठेवून उपयोग नाही. ३ तारखेला स्टोअरकडून आकडे, ६ ला येणी आणि देणी यांची वयवारी, ८ ला तपासणी, असे टप्पे वेगवेगळ्या माणसांच्या नावावर टाकावे लागतात. तपासणी कशाची? स्टेटमेंटमधला आकडा पुस्तकांशी जुळतो का, याची. कॅश क्रेडिटसारख्या खेळत्या भांडवलाच्या मर्यादा ५ कोटींच्या पुढे गेल्या की कारो २०२० खाली ऑडिटरला तिमाही स्टेटमेंट आणि पुस्तकं जुळतात की नाही हे अहवालात लिहावं लागतं. आपली कंपनी आज ४ कोटींवर आहे. पुढच्या वाढीव मर्यादेनंतर ती या अटीत येईल.

“गुणोत्तरं ऑडिट झाल्यावर बघू”

पत्रात डीएससीआर किमान १.२५ ठेवण्याची अट आहे. तो ऑडिट झालेल्या ताळेबंदावरून मोजला जातो खरा, पण मोजला जातो ३१ मार्चच्या स्थितीवर. ऑगस्टमध्ये ऑडिट पूर्ण होऊन तो १.२० निघाला, तर दुरुस्त करायला वर्षच उरलेलं नसतं.

या कंपनीत एक फसवा टप्पा आहे. करोत्तर नफा ९३ लाख आणि घसारा ६० लाख दोन्ही वर्षी सारखाच धरा. २०२५-२६ मध्ये मुदत कर्जाचं व्याज साधारण ५४ लाख आणि हप्ते सातच, म्हणजे मुद्दल ७० लाख. नफा, घसारा आणि व्याज मिळून २०७ लाख. त्याला मुद्दल अधिक व्याज अशा १२४ लाखांनी भागलं की १.६७. सगळे खूश. पुढच्या वर्षी व्याज ४५ लाखांवर येतं, पण हप्ते पूर्ण बारा, मुद्दल १२० लाख. आता १९८ भागिले १६५, म्हणजे १.२०. धंदा तसूभरही न बिघडता अट मोडली, कारण पहिल्या वर्षी परतफेड अर्धवट होती. हे मार्च २०२६ मध्येच कागदावर दिसू शकतं.

१.२५ साठी अंशात २०६.२५ लाख लागतात. कमतरता सव्वाआठ लाखांची. कॅलेंडरमध्ये जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ‘डिसेंबरअखेरच्या आकड्यांवर मार्चचा अंदाज’ अशी नोंद असेल, तर दोन वाटा उरतात: शेवटच्या तिमाहीत नफा सावरणं, नाहीतर ३१ मार्चपूर्वी बँकेकडे त्या वर्षापुरती सूट मागणं. आधी मागितलेली सूट आणि मोडल्यानंतर मागितलेली माफी यांत बँकेच्या लेखी फार फरक पडतो. नोंदीत गुणोत्तराचं नुसतं नाव लिहू नये, पत्रातली व्याख्या शब्दशः उतरवावी. छेदात कॅश क्रेडिटचं व्याज धरायचं की नाही, प्रवर्तकांचं विनातारण कर्ज निव्वळ मालमत्तेत मोजायचं की देण्यांत, हे बँकेगणिक बदलतं.

अट मोडली तर दंड किती, हेही तिथेच लिहावं. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांवर बँकांना दंड व्याजदरात मिसळता येत नाही. तो वेगळा दंड-आकार म्हणून लावावा लागतो, आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. महिन्याच्या व्याजाच्या नोंदी तपासताना हे डोक्यात असू द्या.

“तारण हे बँकेचं काम, आपण सह्या केल्या की सुटलो”

कंपनीच्या मालमत्तेवर बोजा निर्माण झाला की ३० दिवसांत सीएचजी-१ अर्ज भरण्याची जबाबदारी कंपनी कायद्याच्या कलम ७७ ने कंपनीवर टाकली आहे. कंपनीने भरला नाही तर बँक भरू शकते, पण म्हणून कंपनी सुटत नाही. इथे मोजणी कुठून? यंत्रं आणि माल यांच्या नजरगहाणाचा करार २६ जुलैचा, म्हणून मुदत २५ ऑगस्ट २०२४. तो रविवार होता. पैसे आले तेव्हापासून मोजणारा ८ सप्टेंबर धरतो आणि जादा शुल्काच्या टप्प्यात जातो. साठ दिवसांपुढे शुल्क कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात वाढतं, आणि एकशेवीस दिवसांनंतर रस्ताच बंद.

कारखान्याच्या जागेचे मूळ दस्त बँकेकडे ठेवले ५ सप्टेंबरला. हा वेगळा बोजा, त्यामुळे सीएचजी-१ चं नवं घड्याळ सुरू. शिवाय महाराष्ट्रात दस्त ठेवून केलेल्या गहाणाची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, ३० दिवसांत निबंधकाकडे दाखल करावी लागते. दोन्हींची मुदत ५ ऑक्टोबर. खेरीज, पहिल्या उचलीपासून ६० दिवसांत गहाण पूर्ण करण्याची पत्रातली अट ८ ऑक्टोबरला येते. एकाच जागेच्या तीन नोंदी, तिन्हींचे पुरावे वेगळे. नोंद बंद करायची ती ‘वकिलांना दिलं’ यावर नव्हे, चलन किंवा पोचपावती जोडल्यावर.

विम्याची तारीख तर पत्रात कधीच नसते, ती पॉलिसीतून आणावी लागते. पत्रात इतकंच असतं की बँकेचं नाव घालून विमा चालू ठेवा. नवं गोदाम घेतलं आणि पॉलिसीत पत्ता जोडला नाही, तर तिथला माल स्टेटमेंटमध्ये दिसतो पण विम्यात नाही, आणि बँकेचा स्टॉक ऑडिटर पहिलं बोट त्यावर ठेवतो.

“सगळ्या अटी कॅलेंडरमध्ये बसतात”

बसत नाहीत. बँकेच्या पूर्वसंमतीशिवाय लाभांश देऊ नये, दुसरीकडून कर्ज घेऊ नये, भागधारणा बदलू नये, प्रवर्तकांचं विनातारण कर्ज परत करू नये, या अटींना तारीख नाही. त्या मोडतात त्या घटनेच्या दिवशी, आणि बहुतेक वेळा वित्त विभागाबाहेर. म्हणून त्यांना कॅलेंडरऐवजी ती कृती जिथे होते तिथे बसवावं. लाभांशाची अट कंपनी सचिवाच्या सभेच्या विषयपत्रिकेच्या मसुद्यात, यंत्रखरेदीची मर्यादा खरेदी आदेशाच्या मंजुरीत. प्रवर्तकांच्या कर्जाची अट मात्र थेट खातेवहीत हवी: संचालकाने मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी वीस लाख मागितले की पेमेंट टाकणारा कनिष्ठ लेखापाल ते निमूट पाठवतो. त्या खात्यावर ‘बँकेच्या संमतीशिवाय नावे टाकू नये’ असा अडसर लावला, तरच त्याला थांबून विचारता येतं.