घंटा वाजली म्हणजे पावलोव्हच असं नाही

टीईटी असो, बारावीचं मानसशास्त्र असो की बी.एड.ची अंतर्गत चाचणी, प्रश्नात कुत्रा आणि घंटा दिसली की निम्मा वर्ग डोळे मिटून ‘अभिजात अभिसंधान’ लिहून मोकळा होतो. पेपर काढणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. म्हणूनच ते घंटा मुद्दाम भलत्या जागी वाजवतात.

नोबेल मिळालं, पण लाळेच्या शोधासाठी नाही

इव्हान पावलोव्हना 1904 साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. अभिसंधानाचं काम त्याच प्रयोगशाळेतून, जरा आडवाटेनं निघालं. अन्न तोंडात पडण्याआधीच, ते आणणाऱ्या माणसाला पाहूनच कुत्र्यांना लाळ सुटायला लागली आणि पचनाची मोजमापं बिघडली! पुढच्या प्रयोगांत घंटा अधूनमधून असायची, पण मेट्रोनोमची टिकटिक, बझर, दिवे, त्वचेला केलेला स्पर्श असलं बरंच काही वापरलं जायचं. पाठ्यपुस्तकांनी मात्र घंटा तेवढी उचलली.

दोन कुत्रे, एकच घंटा

पहिला कुत्रा: घंटा वाजते, मग खाणं येतं. काही दिवसांनी नुसत्या घंटेनंच लाळ गळते.
दुसरा कुत्रा: घंटा वाजते, तो खाली बसतो, मग बिस्कीट मिळतं. काही दिवसांनी घंटा वाजली की तो लगेच बसतो.

दोन्हीकडे घंटा आहे, खाणं आहे, शिकणंही आहे. तरी पहिलं उदाहरण अभिजात आणि दुसरं साधक. ओळखायला एकच प्रश्न पुरतो: जनावरानं काहीच केलं नसतं, तरी खाणं आलं असतं का? पहिल्या कुत्र्याची लाळ सुटो न सुटो, ताटली येणारच होती. दुसरा उभाच राहिला असता तर बिस्कीट डब्यातच राहिलं असतं. ताटली घंटेशी बांधलेली आहे, बिस्कीट बसण्याशी. दुसऱ्या कुत्र्याच्या बाबतीत घंटा एवढंच सांगते, ‘आता बसलास तर फायदा आहे.’ स्किनरच्या पेटीतला उंदीरही याच जातकुळीतला. त्यानं दांडी दाबली तरच गोळी पडते.

‘आपोआप’ आणि ‘मुद्दाम’ यांवर फार विसंबू नका

गाईडमध्ये ठळक अक्षरांत असतं: अभिजात म्हणजे अनैच्छिक प्रतिक्रिया, साधक म्हणजे ऐच्छिक. बहुतेक वेळा हे खपून जातं. पण कबुतरांनी या नियमाची चांगलीच फजिती केली आहे आणि ही गोष्ट मला पावलोव्हच्या कुत्र्यांपेक्षाही आवडते.

1968 मध्ये ब्राउन आणि जेंकिन्स यांनी भुकेल्या कबुतरांसमोर एक छोटी गोल कळ ठेवली. तिच्यात 8 सेकंद दिवा लागायचा, दिवा विझला की दाणे यायचे. कळीला कबुतरानं काही करायची गरजच नव्हती, दाणे येणारच होते. तरी थोड्या फेऱ्यांनंतर कबुतरं दिवा लागला रे लागला की कळीवर चोच मारायला लागली. चोच मारणं ही तर स्किनरवाल्यांची लाडकी साधक प्रतिक्रिया! मग ही चोच कुठल्या खात्यात टाकायची?

पुढच्याच वर्षी विल्यम्स आणि विल्यम्स यांनी नियम उलटा केला. आता चोच मारली की दिवा विझायचा आणि त्या फेरीचे दाणे रद्द. गप्प बसलं तर दाणे मिळायचे. चोच मारणं जर फळावर चालत असतं, तर ते बंद पडायला हवं होतं. पण बरीच कबुतरं दाणे घालवूनही चोची मारतच राहिली. म्हणजे दिव्याची जोडी दाण्यांशी जमली होती आणि तीच त्यांना ओढत होती. दिसायला ऐच्छिक, पण चालवतंय अभिजात.

1973 मध्ये जेंकिन्स आणि मूर यांनी तर चोचींची तऱ्हाच निरखून पाहिली. दिव्यामागून दाणे येत असतील तर कबुतर चोच उघडून झटकन टोचतं, जणू कळ खातंय. पाणी येत असेल तर चोच जवळजवळ मिटलेली, टोचणं संथ आणि सोबत गिळल्यासारखी हालचाल, जणू कळ पितंय! फळ मिळवायचा हा डाव असता तर कशीही चोच मारून भागलं असतं.

म्हणून उत्तर लिहिताना ‘ऐच्छिक की अनैच्छिक’ दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला मान ‘फळ कशाशी बांधलंय’ या प्रश्नाला.

अल्बर्टच्या उदाहरणातली फट

1920 मध्ये वॉटसन आणि रेनर यांनी सुमारे अकरा महिन्यांच्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली: उंदीर दाखवायचा आणि पाठीमागे पोलादी सळईवर हातोडा हाणायचा. परीक्षेत हे अभिजातच लिहा, गुण मिळतील. पण मूळ अहवाल वाचला तर पहिल्या दोन वेळा सळई वाजली ती बाळाचा हात उंदराला लागला त्याच क्षणी. म्हणजे आवाज हात लावण्याला बांधलेला होता. हे शिक्षेच्या, म्हणजे साधक अभिसंधानाच्या फार जवळ जातं. नंतरच्या फेऱ्यांत उंदीर आणि आवाज सोबत दिले गेले, ती जोडी शुद्ध अभिजात.

एकाच प्रश्नात दोन्ही

आता परीक्षकांचा आवडता खेळ. ‘एका मुलाला गल्लीत कुत्रा चावला. आता ती गल्ली दिसली तरी त्याच्या छातीत धडधडतं. तो वळसा घालून शाळेत जातो, मग धडधड थांबते. हे कोणतं अभिसंधान?’

एकच नाव लिहिलं की अर्धे गुण गेले. धडधड शिकला ती अशी: चावा हा नैसर्गिक उद्दीपक, वेदना आणि घाबरणं ही नैसर्गिक प्रतिक्रिया, गल्ली हा अभिसंधित उद्दीपक आणि तिला पाहून होणारी धडधड ही अभिसंधित प्रतिक्रिया. मुलगा काही करो न करो, गल्ली दिसली की धडधड येते, म्हणून हा भाग अभिजात. वळसा मात्र तो स्वतः घालतो आणि घातला तरच धडधड जाते. तो भाग साधक. मौरर यांनी 1947 मध्ये भीतीचं कोडं असंच दोन टप्प्यांत सोडवलं होतं: लागते अभिजात रीतीनं, टिकते साधक रीतीनं. वळसा घालत राहिल्यामुळे ‘गल्लीतून गेलो आणि काहीच झालं नाही’ हा अनुभव मुलाला येतच नाही, त्यामुळे भीतीचं विलोपन होत नाही.

वळशाला नाव काय द्यायचं, इथे पुन्हा गळती होते. त्रासाचा उल्लेख दिसला की ‘शिक्षा’ लिहिणारे पुष्कळ. पण मुलाचं वळसा घालणं वाढलं की कमी झालं? वाढलं. वागणं वाढतं तिथे प्रबलन. नकोशी गोष्ट निघून गेल्यामुळे वाढलं, म्हणून ऋण प्रबलन. सीटबेल्ट लावेपर्यंत ठणाणा करणारी गाडीही तेच करते. आणि समजा, वळशाच्या रस्त्यावर रोज कुणी त्याला चिडवायला लागलं आणि त्यानं तो रस्ता सोडला, तर ती झाली शिक्षा, कारण वळसा घालणं कमी झालं.